स्टेटस कॉलच्या ट्रान्स्क्रिप्टमधून कामं, माणसं आणि तारखा कशा काढायच्या

प्रोजेक्टचा स्टेटस कॉल पाऊण तास चालतो, ट्रान्स्क्रिप्ट पंधरा-वीस पानांचं होतं आणि त्यात खरी कामं सहा-सातच असतात. ती शोधणं तसं अवघड नाही. अवघड असतं ते प्रत्येक कामापुढे एकच नाव आणि एकच तारीख लिहिणं, कारण बोलताना माणसं नाव घेत नाहीत आणि तारखेऐवजी सण सांगतात. कोकणात तर बहुतेक मुदती ‘गणपतीच्या आधी’, ‘शिमग्यानंतर’, ‘पाऊस उघडला की’ अशाच येतात. म्हणून या लेखाचा भर कामं शोधण्यावर कमी आणि नाव-तारीख नक्की करण्यावर जास्त आहे.

समजण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. रत्नागिरीजवळ आंब्याच्या पॅकहाऊसमध्ये कोल्ड रूम बसवायचं काम चालू आहे. शेड उभी आहे, त्यामुळे पावसातही आतलं काम होतं. कॉल मंगळवारी, 12 ऑगस्ट 2025 ला झाला. त्या वर्षी गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती. खालचा उतारा मी या लेखासाठी रचला आहे आणि नावांऐवजी भूमिका लिहिल्या आहेत, पण अशी वाक्यं रोजच्या कॉलमध्ये ऐकू येतात.

> [04:10] समन्वयक: फ्लोअरिंगचं कुठवर आलंय?
>
> [04:16] साइट ऑफिस: खालचा पीसीसी झाला. इन्सुलेशन टाकून वरचं काँक्रीट राहिलंय. गणपतीच्या आधी करून टाकू.
>
> [04:35] कोल्ड रूम: पॅनेल तयार आहेत. तुम्ही फ्लोअर दिलात की आठ दिवसांत उभं करतो. फक्त आंबा घाट चालू असायला हवा.
>
> [04:58] साइट ऑफिस: ड्रेनचा उतार कुठल्या बाजूला, ते ड्रॉइंगमध्ये नाही.
>
> [05:06] कोल्ड रूम: ते पाठवतो आज.
>
> [05:09] समन्वयक: उताराचं एकदा दोघांनी बोलून घ्या.
>
> [11:40] समन्वयक: थ्री फेजचं काय झालं?
>
> [11:47] इलेक्ट्रिक: कोटेशन आलंय. पैसे भरले की पुढचं.
>
> [11:55] अकाउंट्स: माझ्याकडे कोटेशन आलेलंच नाही.
>
> [12:01] इलेक्ट्रिक: बघतो, पाठवलं असेल.
>
> [12:05] समन्वयक: आज पाठवा. आणि ताई, गुरुवारपर्यंत भरून टाका, शुक्रवारी सुट्टी आहे.
>
> [12:14] अकाउंट्स: दोन सह्या लागतात, अध्यक्ष मुंबईला आहेत. सोमवारी भरते.
>
> [12:22] समन्वयक: ठीक.
>
> [38:20] साइट ऑफिस: आमची माणसं पंचविसाला गावाला जाणार. फ्लोअर आता गौरी-गणपती झाले की लगेच.
>
> [38:36] समन्वयक: मग पॅनेल?
>
> [38:40] कोल्ड रूम: पंधरा सप्टेंबर धरा.

वाचायला बसण्याआधी

तीन गोष्टी शेजारी ठेवा. पहिली, कॉलची तारीख आणि वार. ‘आज’, ‘सोमवारी’, ‘परवा’ हे सगळं त्या दिवसापासून मोजायचं असतं. तुम्ही यादी करायला बुधवारी बसलात तर तुमचं ‘आज’ वेगळं असतं आणि ही गफलत फार सहज होते. दुसरी, हजेरी: कोण कोण होतं आणि कोण कुठल्या फोनवरून बोलत होतं. तिसरी, त्या महिन्याचं कॅलेंडर, सुट्ट्या आणि सणांसह.

याशिवाय रेकॉर्डिंग हाताशी असू द्या. पूर्ण ऐकायची गरज नाही. पण चार-पाच ठिकाणी मूळ आवाज ऐकल्याशिवाय निर्णय होत नाही, आणि पुष्कळदा रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जाईल अशी सोय केलेली असते. म्हणून आधीच उतरवून घ्या.

पहिलं वाचन: फक्त खुणा

पहिल्यांदा वाचताना काहीही लिहू नका, फक्त खुणा करा. जिथे काम शिल्लक असल्याचं कळतं ती प्रत्येक ओळ निवडायची. नवखा माणूस ‘पाठवतो’, ‘भरते’, ‘करून टाकू’ अशी क्रियापदं पकडतो आणि थांबतो. ती सोपी आहेत. निसटतात ती अशी कामं, जी तक्रार किंवा माहिती म्हणून बोलली जातात. ‘ड्रॉइंगमध्ये नाही’ यात ड्रॉइंग सुधारायचं काम आहे. ‘माझ्याकडे आलेलंच नाही’ यात कोटेशन पाठवायचं काम आहे. ‘दोन सह्या लागतात’ यात अध्यक्षांची सही मिळवायचं काम आहे, आणि ते करू असं कोणीही म्हटलेलं नाही. म्हणून ‘नाही’, ‘राहिलंय’, ‘लागतं’, ‘अडलंय’, ‘मिळालं की’ हे शब्द दिसले की थांबा आणि विचारा, हे सुटण्यासाठी कोणाला तरी काहीतरी करावं लागणार आहे का?

शोधपट्टीत शोधायचं असेल तर पूर्ण शब्दाऐवजी धातू टाका. ‘पाठव’ टाकलंत तर पाठवतो, पाठवा, पाठवलं, पाठवायचंय हे सगळे सापडतात. ‘भर’, ‘बघ’, ‘सांग’, ‘विचार’ यांचंही तसंच. पण शोधावर विसंबून वाचन टाळू नका. सहीचं काम कुठल्याच शोधात आलं नसतं.

खुणा झाल्या की प्रत्येक ओळीचं काय करायचं ते ठरवा. ‘खालचा पीसीसी झाला’, म्हणजे तळाचा साध्या काँक्रीटचा थर झाला, ही माहिती आहे, यादीत नको. ‘आंबा घाट चालू असायला हवा’ ही अट आहे. घाट चालू ठेवणं कोल्हापूरहून गाडी पाठवणाऱ्याच्या हातात नाही, म्हणून ते काम होत नाही. पण अट यादीखाली वेगळी लिहून ठेवा, नाहीतर पॅनेलची तारीख हुकली की कारण शोधत बसावं लागतं.

नाव: बोलला कोण आणि करणार कोण

ट्रान्स्क्रिप्टमधलं नाव माणसाचं नसतं, ते खात्याचं किंवा फोनचं असतं. आपल्या उताऱ्यातलं ‘साइट ऑफिस’ म्हणजे टेबलावर ठेवलेला एक फोन आणि भोवती बसलेले दोघं, सिव्हिल ठेकेदार आणि त्यांचा सुपरवायझर. 04:16 ला कोण बोललं आणि 38:20 ला कोण, हे कागदावरून कळत नाही. रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं की ‘गणपतीच्या आधी करून टाकू’ हे ठेकेदाराचं आणि ‘गौरी-गणपती झाले की’ हे सुपरवायझरचं. यामुळे सगळा अर्थच बदलतो, कारण ठेकेदाराने दिलेला शब्द सुपरवायझरने परस्पर मागे घेतला आहे. ठेकेदार तोवर खोलीत होता का, हेसुद्धा माहीत नाही. इथे नाव ठेकेदाराचंच लिहायचं, पण पुढे ‘होकार बाकी’ अशी खूण करायची.

सुपरवायझर कुडाळ-मालवणकडचा असेल तर आणखी जपा. मालवणीत ‘करतलंय’ म्हणजे मी करणार आणि ‘करतलो’ म्हणजे तो करणार. शेवटच्या एका अक्षरावर जबाबदारी कोणाची ते ठरतं, आणि प्रमाण मराठीच्या सवयीने लिहिणारं सॉफ्टवेअर नेमकं तेच अक्षर चुकवू शकतं. अशी ओळ संशयास्पद वाटली तर ऐकूनच घ्या.

‘आपण करू’, ‘बघूया’, ‘होऊन जाईल’ या वाक्यांत कर्ता नसतो. तिथे तुम्ही स्वतःच्या अंदाजाने नाव भरलंत तर त्या माणसाला ते पहिल्यांदा यादीतच कळतं आणि तो साहजिकच चिडतो. त्याऐवजी रकान्यात प्रश्नचिन्ह टाका आणि शेजारी सुचवलेलं नाव लिहा. उताऱ्यातलं ‘दोघांनी बोलून घ्या’ याच प्रकारातलं आहे. दोन नावं लिहिली तर दोघंही समोरच्याच्या फोनची वाट पाहतात. माझा नियम असा, की उत्तरावाचून ज्याचं काम अडतं, त्याचं नाव सुचवायचं. उतार ठरल्याशिवाय वरचं काँक्रीट ओतता येत नाही आणि एकदा ओतलं की उतार बदलायला फोडाफोड करावी लागते. म्हणून फोन करायचं काम सिव्हिल ठेकेदाराकडे सुचवायचं.

आता कोटेशनकडे, म्हणजे थ्री फेज जोडणीसाठी किती पैसे भरायचे त्या कागदाकडे बघू. ‘बघतो, पाठवलं असेल’ हा होकार नाही. त्यावर समन्वयकाने ‘आज पाठवा’ म्हटलं आणि लगेच अकाउंट्सकडे वळला, इलेक्ट्रिकवाल्याने उत्तर दिलंच नाही. सांगितलेलं काम आणि स्वीकारलेलं काम यात फरक आहे आणि तो यादीत दिसला पाहिजे. याउलट ‘सोमवारी भरते’ हे स्वीकारलेलं काम आहे. ताईंनी गुरुवार नाकारला, कारण सांगितलं, स्वतःची तारीख दिली आणि समन्वयकाने ‘ठीक’ म्हटलं. तीन ओळींचा हा सौदा पूर्ण आहे. म्हणून यादीत सोमवार येईल, गुरुवार नाही.

अध्यक्ष कॉलवर नव्हते, त्यांच्या नावाने काम लिहू नका. जो कॉलवर नव्हता त्याने काहीच कबूल केलेलं नसतं. सही मिळवायचं काम कॉलवरच्या माणसाकडे, म्हणजे ताईंकडेच जातं. ते वेगळं न लिहिता ‘अध्यक्षांच्या सहीसह कोटेशन भरणं’ असं एकत्र लिहिलं तरी चालतं.

तारीख: सणाची तारीख करायची कशी

आधी सोप्या तारखा उरका. ‘आज’ म्हणजे 12 ऑगस्ट. ‘सोमवारी’ म्हणजे 18 ऑगस्ट, कारण मधे शुक्रवारी स्वातंत्र्यदिन आणि मग शनिवार-रविवार. यादीत नेहमी तारीख आणि वार दोन्ही लिहा. दोन्ही जुळत नसतील तर चूक तिथेच पकडली जाते. ‘परवा’ हा शब्द मागचाही असतो आणि पुढचाही, तेव्हा क्रियापदाचा काळ बघूनच ठरवा. ‘आठ दिवसांत’ म्हणजे बोलीत एक आठवडा आणि ‘पंधरा दिवसांत’ म्हणजे दोन आठवडे. बोट मोजून आठवा किंवा पंधरावा दिवस काढत बसू नका, पण काम नाजूक असेल तर तारीख विचारून घ्या. आकड्यांवर एकूणच नजर ठेवा. सात आणि साठ, सतरा आणि सत्तर हे आवाज खराब असताना एकमेकांच्या जागी येतात.

आता सण. ‘गणपतीच्या आधी’ म्हणजे कॅलेंडरप्रमाणे 26 ऑगस्ट, हरतालिकेचा दिवस. पण साइटवर माणसंच नसतील तर त्या तारखेला काही अर्थ नाही. सुपरवायझर सांगतो की माणसं पंचविसाला जाणार, म्हणजे खरी शेवटची तारीख रविवार 24 ऑगस्ट. रविवारी काम नसेल तर शनिवार 23. ‘गौरी-गणपती झाले की’ याचा हिशोब त्या वर्षी असा: गौरी 31 ऑगस्टला आल्या, 1 सप्टेंबरला पूजन आणि 2 सप्टेंबरला विसर्जन. म्हणजे माणसं लवकरात लवकर 3 सप्टेंबरला, बुधवारी. कोणाच्या घरी गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत असतील, तर ती होती 6 सप्टेंबरला. त्यामुळे सणावरून मुदत आली की ‘कुठला दिवस’ एवढंच विचारून भागत नाही, ‘त्या दिवशी साइटवर किती माणसं असतील’ हेही विचारावं लागतं.

मग येतो सगळ्यात उपयोगाचा भाग, उलटी मोजणी. ‘पंधरा सप्टेंबर धरा’ यात दोन अडचणी आहेत. ‘धरा’ हा अंदाज आहे, शब्द नव्हे. आणि 15 सप्टेंबरला पॅनेल उभारायला सुरुवात होणार की उभारून झालेले असणार, हे बोलण्यात नाही. दोन्ही शक्यता मागे मोजून बघा.

समजा 15 ला काम संपायचं आहे. पुरवठादाराला आठवडा लागतो, म्हणजे फ्लोअर 8 सप्टेंबरला ताब्यात हवं. वरच्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारून क्युअरिंग धरलं, तर ते 1 सप्टेंबरपर्यंत ओतलेलं हवं. 1 सप्टेंबर म्हणजे गौरीपूजनाचा दिवस, माणसं गावाला. म्हणजे हा अर्थ शक्यच नाही. समजा 15 ला सुरुवात करायची आहे. मग काँक्रीट 8 सप्टेंबरपर्यंत ओतायला हवं, आणि माणसं 3 ला आली तर इन्सुलेशन टाकून ओतण्यापर्यंत पाच-सहा दिवस मिळतात. हे जमण्यासारखं आहे. पण मग पॅनेल उभे होणार ते 22 सप्टेंबरच्या सुमाराला, आणि ही तारीख कॉलवर कोणाच्याच तोंडून आलेली नाही.

8 सप्टेंबर ही तारीखही कॉलवर कोणी बोललेलं नाही, ती तुम्ही काढली आहे. म्हणून यादीत ‘बोललेली’ आणि ‘काढलेली’ असा फरक ठेवा. हे न केल्यास पुढच्या कॉलवर ठेकेदार म्हणतो, ‘मी असं कधी म्हटलं?’ आणि त्याचं म्हणणं खरं असतं.

दुसरं वाचन: शेवटाकडून

यादीचा कच्चा मसुदा झाला की ट्रान्स्क्रिप्ट शेवटच्या ओळीपासून वर वाचा. कॉलच्या शेवटी, निरोप घेता घेता तारखा बदलतात, कारण तोवर लोकांनी मनात हिशोब केलेला असतो. उताऱ्यात फ्लोअरची मुदत चौथ्या मिनिटाला एक होती आणि अडतिसाव्या मिनिटाला दुसरी झाली. वरून खाली वाचताना आपण पहिली तारीख लिहून मोकळे होतो आणि नंतरची ओळ नजरेआड होते.

नंतर बोललेलं नेहमी वरचढ धरायचं का? दोन गोष्टी तपासा. बदलणाऱ्याला बदलायचा अधिकार आहे का, आणि ज्याचं काम त्यावर अवलंबून आहे त्याने ते ऐकून मान्य केलं का. इथे दुसरी गोष्ट झाली आहे, समन्वयकाने लगेच पॅनेलचं विचारलं आणि पुरवठादाराने नवी तारीख दिली. पहिली गोष्ट बाकी आहे. म्हणून यादीत नवी तारीख येईल, पण ठेकेदाराचा होकार मिळेपर्यंत कच्ची.

यादी अशी दिसते

| काम | जबाबदार | मुदत | कॉलमधली वेळ |
|---|---|---|---|
| ड्रेनच्या उताराची दिशा दाखवून ड्रॉइंग पाठवणं | कोल्ड रूम पुरवठादार | मंगळ, 12 ऑगस्ट (बोललेली) | 05:06 |
| ड्रॉइंग पाहून उतार पुरवठादाराशी बोलून नक्की करणं | ? सुचवलेले: सिव्हिल ठेकेदार | काँक्रीट ओतण्याआधी, तारीख हवी | 05:09 |
| कोटेशन अकाउंट्सकडे पाठवणं | इलेक्ट्रिक ठेकेदार, होकार बाकी | मंगळ, 12 ऑगस्ट (सांगितलेली) | 12:05 |
| अध्यक्षांच्या सहीसह कोटेशन भरणं | अकाउंट्स | सोम, 18 ऑगस्ट (बोललेली) | 12:14 |
| इन्सुलेशन टाकून वरचं काँक्रीट ओतणं | सिव्हिल ठेकेदार, होकार बाकी | सोम, 8 सप्टेंबर (काढलेली) | 38:20 |
| पॅनेल उभारायला सुरुवात | कोल्ड रूम पुरवठादार | सोम, 15 सप्टेंबर (अंदाज) | 38:40 |

अट: आंबा घाट चालू असणं.

कामाचं वाक्य असं लिहा की झालं की नाही हे तिसऱ्या माणसालाही सांगता येईल. ‘फ्लोअरिंग बघणं’ कधीच पूर्ण होत नाही. ‘वरचं काँक्रीट ओतणं’ होतं किंवा होत नाही. शेवटच्या रकान्यातली वेळ मात्र वगळू नका. वाद झाला तर सगळा कॉल ऐकण्याऐवजी दहा सेकंद ऐकून मिटतो.

पाठवताना

यादी कॉलच्याच दिवशी पाठवा. इथे दोन मुदती आजच्याच आहेत, उद्या पाठवून काय उपयोग? ग्रुपवर नुसतं पत्रक टाकलं तर लोक अंगठा दाखवून पुढे जातात आणि तो अंगठा कशाला हे कळत नाही. त्यामुळे ज्या ओळी कच्च्या आहेत, तेवढ्याच त्या त्या माणसाला थेट विचारा, एका प्रश्नात, हो-नाही किंवा तारीख एवढंच उत्तर येईल असं. उदाहरणार्थ ठेकेदाराला:

> दादा, फ्लोअर गौरी-गणपतीनंतर असं सुपरवायझर कॉलवर म्हणाले. पॅनेलवाले 15 सप्टेंबर धरा म्हणाले. तेव्हा सुरू करायचं तर काँक्रीट सोमवार 8 सप्टेंबरपर्यंत ओतायला लागेल, पुढे सात दिवस क्युअरिंग. जमेल का? नसेल तर कुठली तारीख लिहू? उताराचं कोल्ड रूमवाल्यांशी तुम्हीच बोलणार ना?

आणि पुरवठादाराला फक्त एवढंच: ‘15 सप्टेंबरला काम सुरू की पूर्ण? घाट बंद झाला तर गाडी दुसऱ्या वाटेने आणाल का?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर अटीतून एक नवं काम निघतं, दुसऱ्या वाटेचं भाडं ठरवणं, आणि ते त्याच्याच नावावर जातं.

उत्तरं आली की यादी सुधारा, पण जुनी तारीख पुसू नका. नव्या तारखेशेजारी कंसात ठेवा आणि पुढचा कॉल नव्या विषयांऐवजी याच यादीतल्या उघड्या ओळींनी सुरू करा. एकाच ओळीत कंसातल्या तारखा दोन-तीन झाल्या, तर अडचण बहुधा त्या माणसात नसते. त्याच्या आधीचं एखादं काम यादीत यायचंच राहिलेलं असतं. इथे तसं झालं तर मी पहिल्यांदा ड्रेनच्या उताराची ओळ बघेन.